कारणाचा रकाना

वर्कशॉपात तिला सगळे मापाडी म्हणायचे. शाफ्ट असो, बुश असो, तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय कशालाच बाहेरचा रस्ता दिसत नसे. मायक्रोमीटर कानाशी धरून ती त्याची किरकिर ऐकते आणि माप सांगते, अशी आवई लेथवाल्या काकांनी उठवली होती. तिनेही ती खोडून काढली नाही. तेवढाच धाक.

नऊ वर्षं ती मापखोलीत होती. खोली कसली, तीन बाजूंना काच आणि चौथ्या बाजूला भिंत. आत एक ग्रॅनाइटची पाटी, दोन टेबलं आणि एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पत्र्याचा तुकडा. तो तुकडा नेमका किती जाडीचा, हे तिला पाठ होतं. बिघडलेला माल आला की ती एक चिठ्ठी भरून घ्यायची. काय बिघडलं, का बिघडलं, पुढे काय करणार. पहिलं आणि तिसरं कुणीही भरतं. गाडी अडायची ती मधल्या रकान्यात.

लेथवाले काका एकदा सात बुश घेऊन आले. भोक मिलिमीटरच्या पाच शतांशांनी मोठं. चिठ्ठीवर कारण लिहिलं होतं, ‘लक्ष नव्हतं’.

“हे कारण नाही, काका.”

“मग काय आहे? माझं लक्ष नव्हतं हे मला माहीत की तुला?”

“लक्ष तुमचं रोजच नसतं. मग रोज का बिघडत नाही?”

काका डोकं खाजवत म्हणाले, “टूल घासून परत बसवलं होतं दुपारी.”

“आणि डायलचा शून्य परत धरला?”

“नाही धरला बुवा.”

“हे कारण. लिहा.”

काका लिहीत लिहीत पुटपुटले, “नवरा केला असतास तर बिचारा रोज चिठ्ठ्या भरून मेला असता.” तीही हसली. वय चौतीस. नवऱ्याचा विषय घरात आईनेही आता गुंडाळून माळ्यावर टाकला होता.

तर अशी ही बाई. लोकांच्या चुकांची मुळं उकरणारी. पण स्वतःच्या गळ्यात अडकला होता तो एकच विषय, उपयोजित यंत्रशास्त्र. संध्याकाळच्या डिप्लोमाला तिने नाव घातलं त्याला सहावं वर्ष चालू होतं. बाकीचे सगळे विषय निघाले. हा एक तीनदा बसून तीनदा राहिला. आता एकच खेप उरली होती, कारण सहा वर्षांनी नोंदणीच रद्द व्हायची. त्यातच वर्कशॉपात नवे मॅनेजर आले आणि त्यांनी कागद लावला. मापखोलीत यापुढे डिप्लोमावालाच बसेल. नसेल त्याने पॅकिंगला जावं. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तिला बोलावून म्हणाला, “बाई, तुमचं काम चांगलंय, पण माझ्या हातात नाही. या परीक्षेपर्यंत थांबतो.” थांबतो म्हणाला, म्हणजे उपकारच झाला. पॅकिंगला तिला काही कुणी खाणार नव्हतं. पण तिथे मोजायचं काही नाही. खोकं, चिकटपट्टी, खोकं.

परीक्षेला आठ आठवडे उरले तेव्हा ती ट्युटोरियलच्या सरांकडे गेली. सर आखडलेल्या मानेचे, त्यामुळे माणसाकडे बघायचं तर सगळं अंगच वळवायचे. वर्ग संपला की ते फळा पुसायचे नाहीत, दुसऱ्या मास्तराने पुसावा म्हणून ठेवायचे, आणि दुसरा मास्तर त्यावरून त्यांच्या नावाने बोटं मोडायचा.

“सर, मी गणितांच्या सगळ्या शीट सोडवल्यात. आठच्या आठ. तीन वर्षांत तीनदा. तरी राहते.”

“फाइल दाखवा.”

तिने फाइल दिली. फाइल म्हणजे बघत राहावं अशी. पट्टीने आखलेला समास, आकृत्या टोकदार पेन्सिलीच्या, उत्तराभोवती चौकट. फाइलला तिला दर वर्षी पंचवीसपैकी तेवीस मिळायचे. सरांनी पानं उलटली, उलटली, आणि मग एक पान उचलून खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

“इथं आधी काय लिहिलं होतं?”

“चुकलं होतं, सर. तुम्ही फळ्यावर सोडवलंत, मग मी खोडून बरोबर लिहिलं.”

“आणि इथं?”

“तेच.”

“सगळीकडे?”

सरांनी पान खाली ठेवलं. “बाई, तुम्ही मेहनत केलीत ती माझी उत्तरं सुंदर अक्षरात लिहायची. तुमचं जे होतं ते रबराने झाडून कचऱ्यात टाकलंत.”

तिला ते लागलं. लहानपणी शाळेत बाई तिची वही वर धरून वर्गाला दाखवायच्या, बघा, एक खाडाखोड नाही. शेजारपाजारच्या बायका वही बघायला घरी यायच्या. तेव्हापासून चूक म्हणजे ओट्यावर सांडलेलं दूध, कुणी बघायच्या आत फडकं मारायचं. चौतीस वर्षांची झाली तरी दप्तरात दोन रबरं होती, एक मऊ आणि एक कडक.

सरांनी एका कागदावर तीन रकाने आखून दिले. चुकीचा प्रकार. कारण. सुधारलेली रीत. म्हणाले, “सोडवलेल्या गणितांची आता चुकांची वही करा. प्रकार म्हणजे नुसती चूक कुठली ते. वाचण्यात चुकलं, आकृतीत चुकलं, कल्पनाच चुकीची होती, की आकडेमोडीत गेलं. कारण म्हणजे ती चूक तुमच्या हातून का झाली. आणि रीत म्हणजे बरोबर उत्तर नव्हे हं. पुढच्या वेळी तुम्ही हाताने काय वेगळं करणार, ते.”

तिने कागदाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं. “अहो सर, ही तर माझी चिठ्ठी आहे.”

“मग सोपं जाईल,” सर म्हणाले. “पण लिहायचं काय? पुरावा तर तुम्हीच खाल्लाय.”

ती काही हार खाणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या तासभर आधी मापखोलीत जाऊन तिने फाइलची पानं काचेवर तिरकी धरली, भिंग लावलं, आणि कागदावर उरलेले पेन्सिलीचे चरे वाचायला लागली. कडक रबराचा कधी नव्हे तो फायदा झाला. कागद झिजला होता, पण चरा राहिला होता. चार सकाळी घालवून नऊ चुका हाती लागल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्या. मग तिने उरलेली गणितं सरांचं उत्तर पुठ्ठ्याने झाकून नव्याने सोडवायला घेतली. पेनाने. दोन्ही रबरं तिने आईच्या हवाली केली.

आईने ती तळहातावर घेऊन पाहिली. “ही काय मला दागिने म्हणून देतेस?”

“मागितली तरी देऊ नकोस.”

“दारूड्याचं ऐकलं होतं, रबराचं आजच ऐकतेय,” आई म्हणाली आणि रबरं मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली.

दोन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. जेवणाच्या सुट्टीत वही टेबलावर उघडी होती. काका चहाचा कप ठेवायला जागा बघत होते, त्यांची नजर गेली. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि कप हातातच राहिला.

“हे काय गं? कारण, निष्काळजीपणा. कारण, घाई. कारण, निष्काळजीपणा. कारण, लक्ष नव्हतं. लक्ष नव्हतं?” काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “नऊ वर्षं आमची पिसं काढलीस याच्यावरून. आणि स्वतःला पास करतेस होय गं, मापाडी?”

तिने वही ओढून घेतली. काका हसत हसत गेले आणि लेथवर जाऊन सगळ्यांना सांगितलं, की आज मापखोलीतला माल नापास झाला.

त्या संध्याकाळी तिने चौदाच्या चौदा कारणांवर रेघ मारली. खोडली नाहीत, रेघ मारली. आणि एकेका नोंदीपुढे बसली, जशी सात बुशांपुढे बसली होती.

पहिलंच गणित तुळईचं. सहा मीटरची तुळई, दोन टोकांना आधार. डावीकडच्या तीन मीटरवर दर मीटरला चार किलोन्यूटन असा पसरलेला भार, आणि डावीकडून साडेचार मीटरवर दहाचा एक भार. दोन्ही आधारांवर किती येतं ते काढा. पसरलेला भार एकूण बारा. तो धरायचा त्याच्या मधोमध, म्हणजे डाव्या टोकापासून दीड मीटरवर. तिने धरला होता तीन मीटरवर, भार संपतो तिथे. म्हणून उजवीकडे आलं साडेतेरा, डावीकडे साडेआठ. खरं उत्तर उजवीकडे साडेदहा, डावीकडे साडेअकरा. निष्काळजीपणा म्हणावा, तर तिने ताळाही घेतला होता. साडेतेरा आणि साडेआठ, बावीस. एकूण भारही बावीस. जुळलं. उजव्या टोकाकडून फिरवून पुन्हा ताळा घेतला होता, तोही जुळला, कारण तिकडूनही तिने भार त्याच चुकीच्या जागी धरला होता. चुकीनेच चुकीची ग्वाही दिली होती.

मग असं का केलं? ती विचार करत बसली. आणि तिच्या ध्यानात आलं. आदल्या शीटमध्ये भार सबंध सहा मीटरवर पसरलेला होता. तिथे मध्य तीन मीटरवरच येतो. तिने हे गणित बघितलं, ते ओळखीचं वाटलं, आणि हाताने तीन लिहून टाकलं. भार कुठे संपतोय हे तिने पाहिलंच नव्हतं.

तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘ओळखीचं वाटलं’.

पुढचं घर्षणाचं. जमिनीवरचा ठोकळा तिरक्या दोरीने वर ओढतात. दोरी थोडं वजन उचलते, म्हणून जमिनीवरचा दाब वजनापेक्षा कमी. तिने दाब वजनाइतकाच धरला होता. का? आधीच्या गणितात दोरी आडवी होती. ओळखीचं वाटलं. पुढच्या आठवड्यातल्या अठराव्या नोंदीत ठोकळा वरून तिरका ढकललेला होता. ढकलला की दाब वाढतो. तिने तो ओढल्यासारखा सोडवला, कारण आता ओढण्याचं गणित ओळखीचं झालं होतं.

सहा आठवड्यांच्या शेवटी एक्केचाळीस नोंदी झाल्या. तिने मोजणी केली. सहा चिन्हांच्या, पाच एककांच्या, सात निव्वळ आकडेमोडीच्या. आणि तेवीस नोंदींत कारण एकच. ओळखीचं वाटलं. प्रकार वेगवेगळे दिसत होते, कुणी आकृतीची चूक, कुणी कल्पनेची, पण मुळाशी एकच किडा.

सरांनी वही वाचली तेव्हा खुर्चीत सगळं अंग वळवून बसले. “ही खरी वही,” म्हणाले. मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे तिने लिहिलं होतं, आधी प्रश्न दोनदा वाचायचा, मग ठोकळा एकटा काढायचा, त्यावरचे सगळे जोर बाणांनी दाखवायचे, आणि मगच समीकरण. “रीतही बरोबर आहे. यातली पुन्हा सोडवलीत?”

सोडवली होती. तिने स्वतःच चौथा रकाना आखला होता, पुन्हा कधी सोडवलं त्याचा. तेविसातली अकरा पुन्हा चुकली होती. त्याच जागी.

“सर, कारण कळलं की चूक जाते ना?”

सरांनी खडूची पूड झटकली. “कारण डोक्याला कळतं, बाई. हाताला कळायला वेळ लागतो.”

“किती?”

“तुमच्याकडे आहे त्याहून जास्त,” सर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. हाच त्यांचा दोष, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे कुणी फारसं विचारायला जात नसे.

उरलेल्या दोन आठवड्यांत तिने वही इतक्यांदा वाचली, की पानांचे कोपरे कानासारखे वळले. भाजी चिरताना तिला नोंदी आठवायच्या. सात, चिन्ह. बारा, मिलीमीटरचे मीटर केले नाहीत. अठरा, ढकललेलं ओढल्यासारखं सोडवलं. आई म्हणायची, “पाठ झाली की गं सगळी.” तीही बरं वाटून म्हणायची, “झाली.”

परीक्षा सकाळची होती. हॉलमधली बाकं मुलांच्या मापाची, तिचे गुडघे खाली अडत होते. पहिले तीन प्रश्न जसे जमतील तसे गेले. चौथा आठ गुणांचा, घर्षणाचा. तीनशे न्यूटनचा ठोकळा, घर्षणांक पाव, जोर तीस अंशांनी तिरका, ठोकळा हलायला किती जोर लागेल. तिने प्रश्न दोनदा वाचला. ठोकळा एकटा काढला. बाण दाखवले. जोर वर ओढतो म्हणून दाब वजनातून वजा केला. उत्तर आलं पंचाहत्तर पूर्णांक सात न्यूटन. पट्टीने चौकट केली.

आणि पुढच्या प्रश्नाकडे जाताना ती थबकली. हे तर फार सोपं गेलं. इथेच आपण पडतो. तीस अंश, ठोकळा, दाब. नोंद अठरा. ढकललेलं ओढल्यासारखं सोडवलं. तिच्या डोळ्यांपुढे वहीचं ते पान आलं, वळलेल्या कोपऱ्यासकट. तिने तशीच सबंध उत्तरावर काट मारली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि खाली नव्याने मांडलं. दाब वजनात मिळवला. उत्तर एकशे एक पूर्णांक दोन. त्याला चौकट केली. मनात म्हणाली, या वेळी पकडलं.

निकाल लागला. पस्तीस. चाळीस हवे होते, आणि वरून ग्रेसचे मिळायचे ते तीनच.

आईने निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही जास्तीचं लिहिलं असेल. मग म्हणाली, “जेव.” ती जेवली. ताटं घासताना आईने मिठाच्या बरणीमागून दोन्ही रबरं काढून तिच्यापुढे ठेवली. “घे. आता काय करायचीत लपवून.” तिने ती उचलली नाहीत, आणि आईनेही परत ठेवली नाहीत. पुढे कितीतरी दिवस ती ओट्यावरच होती, एक मऊ आणि एक कडक, आणि भांडी त्यांच्या बाजूने ठेवली जायची.

मॅनेजरने आठवडाभर थांबून बोलावलं. त्याला बोलायची वेळ येऊ नये म्हणून तिनेच मापखोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मायक्रोमीटर तेल लावून डबीत घातला होता. स्टुलाखालचा पत्र्याचा तुकडा तिने राहू दिला.

मापखोलीत नवा मुलगा आला, डिप्लोमावाला. पॅकिंगची शेड मागे होती. तिथे ती दिवसाला दीडशे खोकी बांधायला शिकली. शिकली म्हणजे काय, दोन तासांचं काम.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळते असं कळल्यावर तिने अर्ज केला होता. आता काय उपयोग, असं कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं. तिने फीचे पैसे पुढे सरकवले. वीस दिवसांनी पाकीट आलं. जेवणाच्या सुट्टीत तिने एका उलट्या खोक्यावर कागद पसरले. चौथ्या प्रश्नावर काट मारलेलं उत्तर तसंच होतं. स्वच्छ, एकही बाण चुकलेला नाही. त्याच्याशेजारी परीक्षकाने काहीच केलं नव्हतं, कारण काट मारलेलं तपासत नाहीत. खालच्या उत्तरापुढे शून्य. प्रश्नात ‘ओढला’ असं छापलेलं होतं. ढकलण्याचा कुठे मागमूस नव्हता.

पस्तीस आणि आठ. त्रेचाळीस.

शेडमध्ये चिकटपट्टी ओढल्याचा कर्रर्र आवाज येत होता. मग तिने पिशवीतून वही काढली आणि बेचाळिसावी नोंद घातली. चुकीचा प्रकार, बरोबर उत्तर कापलं आणि चुकीचं लिहिलं. कारणाच्या रकान्यात तिने आधी लिहिलं, ‘घाबरले’. त्याच्याकडे पाहिलं. घाबरत तर ती प्रत्येक परीक्षेत होती, मग प्रत्येक बरोबर उत्तर का नाही कापलं? तिने त्यावर रेघ मारली.

लेथवाले काका खोक्यांच्या फटीतून वाट काढत आले. तिच्याशेजारी खोक्यावर टेकले. खोकं करकरलं.

“आज तीन शाफ्ट बिघडले माझे,” म्हणाले. “चिठ्ठीवर लिहिलं, लक्ष नव्हतं. पोराने घेतली. सही पण केली, गोल गोल.”

“खरं कारण काय होतं?”

“मला काय माहीत,” काका म्हणाले. “कुणी विचारलंच नाही.” ते वहीकडे बघत राहिले. “तुझे ते ट्युटोरियलचे सर विचारत होते तुझं. गेटवर भेटले होते. पुढच्या पोरांना दाखवायला ही वही मागतायत.”

“नको म्हणावं.”

“का गं? कामाची वस्तू आहे.”

“पाठ करतील,” ती म्हणाली.

काकांना काही कळलं नाही. ते उठले, पँट झटकली, भोंगा वाजायच्या आत लेथवर गेले. तिने पेन पुन्हा उचललं. अठरावी नोंद तिने उघडली, तिचं पान बोटाने दाबून धरलं, आणि बेचाळिसाव्या नोंदीच्या कारणाच्या रकान्यात, नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘ओळखीचं वाटलं’.

चोवीस झाल्या.

तिसऱ्या रकान्यात लिहायला काही सुचेना. आणि चौथ्यात तारीख घालायला तारीखच नव्हती. भोंगा वाजला. तिने वही पिशवीत घातली, ज्या खोक्यावर कागद पसरले होते ते सुलटं केलं, त्यात सहा बुश मोजून भरले, आणि पट्टी ओढली.